विरामांची उतरंड

भाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये जे खटकतं, ते प्रत्यक्ष सभेत बहुधा खटकलेलं नसतं. सभेत वक्ता समोर दिसतो. शब्द आठवताना त्याची नजर वर जाते, हात हवेत थांबतो आणि श्रोतेही त्याच्याबरोबर थांबतात. रेकॉर्डिंगमध्ये नजरही नसते आणि हातही. उरतो नुसता ‘अं’ आणि त्याच्या मागची दोन सेकंदांची शांतता. म्हणून भाषण कानांसाठी ठेवायचं असेल, तर त्यातली अडखळ काढावी लागते. मात्र ती सरसकट काढली की वेगळंच दुखणं सुरू होतं. वक्ता धापा टाकत बोलतोय असं वाटतं, वाक्यं एकमेकांवर आदळतात आणि काय बिघडलं ते न कळता श्रोता पाचव्या मिनिटाला कंटाळतो.

बिघडतं ते विरामांचं आपसातलं नातं. बोलण्यातले थांबे सारखे नसतात. स्वल्पविरामाच्या जागचा थांबा छोटा, वाक्य संपतं तिथला त्याहून मोठा, विषय बदलतो तिथला आणखी मोठा, आणि महत्त्वाचं काही सांगण्याआधी मुद्दाम घेतलेला बहुधा सगळ्यांत मोठा. ही उतरंड शाबूत राहिली, तर प्रत्येक थांबा निम्मा केला तरी बोलणं नैसर्गिक वाटतं. ती मोडली, तर एकही शब्द न गाळता भाषण यांत्रिक होतं. या प्रकरणात ही उतरंड सांभाळून कात्री कशी चालवायची ते पाहू.

उदाहरण बुऱ्हाणपूरचं घेऊ. तापीकाठचं हे शहर मध्य प्रदेशात आहे, पण जळगाव जिल्ह्याला लागून असल्यामुळे इथल्या अनेक घरांत मराठी आणि बाजारात हिंदी चालते. असं धरा, की इथले एक निवृत्त शिक्षक कुंडी भंडाऱ्यावर मराठीतून बोलत आहेत. अब्दुल रहीम खानखानांच्या काळातली ही पाण्याची व्यवस्था आजही पाहायला मिळते. सातपुड्याकडून तापीकडे जाणारं जमिनीखालचं पाणी भुयारात घ्यायचं आणि उताराने शहरापर्यंत आणायचं, अशी तिची रचना. भुयारावर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे झरोके आहेत. रेकॉर्डिंग घरातल्या खोलीत केलेलं आहे आणि शेजारी यंत्रमाग चालू आहे. बुऱ्हाणपूर हे मागांचं शहर असल्यामुळे तो आवाज टाळणं कठीणच.

त्या भाषणातला एक तुकडा असा. कंसात थांब्यांची लांबी सेकंदांत दिली आहे.

«तर अं… (०.८) हा जो कुंडी भंडारा आहे, म्हणजे (०.४) तो सोळाशे पंधरा साली (१.९) अं… हे… आपलं… (०.६) अब्दुल रहीम खानखाना, (०.७) त्यांच्या काळात बांधला. (१.६) आणि ना (०.५) आणि हे पाणी वरून, सातपुड्यातून येतं, जमिनीच्या पोटातून. (२.४) एकही पंप नाही. (१.८) फक्त उतार.»

यातला सगळ्यांत लांब थांबा २.४ सेकंदांचा आहे आणि तो ‘एकही पंप नाही’ याच्या आधी येतो. गुरुजींनी तो जाणूनबुजून घेतला आहे. ‘जमिनीच्या पोटातून’ म्हणताना त्यांचा आवाज पूर्ण खाली उतरला आहे, म्हणजे वाक्य संपलं आहे. मग ते थांबले आणि पुढचं वाक्य वरच्या स्वरात सुरू केलं. १.९ सेकंदांचा थांबा मात्र वेगळा आहे. ‘साली’ मधला ‘ली’ ताणला गेला आहे, स्वर खाली न येता मध्येच लटकला आहे आणि पाठोपाठ ‘अं… हे… आपलं’ आलं आहे. इथे ते नाव शोधत होते. लांबी जवळपास सारखी, पण एक थांबा बोलण्याचा भाग आहे आणि दुसरा शोधण्याचा. हा फरक थांब्याच्या लांबीवरून कळत नाही. आधीच्या अक्षरावरून कळतो. अक्षर खाली उतरून पूर्ण झालं असेल, तर थांबा वक्त्याने घेतलेला आहे. ताणलेलं किंवा लटकलेलं असेल, तर थांबा त्याच्यावर आलेला आहे.

काम सुरू करायचं ते भरतीच्या शब्दांपासून, थांब्यांपासून नाही. ‘अं’ काढला की त्याच्या दोन्ही बाजूंची शांतता एकत्र येते. वरच्या तुकड्यात १.९ आणि ०.६ मिळून अडीच सेकंदांची पोकळी तयार होते. थांबे आधी नीट करून मग ‘अं’ काढले, तर अशा पोकळ्या नव्याने उगवतात आणि तेच काम पुन्हा करावं लागतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘अं’ आणि त्याच्यासोबतचा थांबा यांची ताटातूट करू नये. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली इंग्रजी बोलण्यातल्या अशा उद्गारांबद्दल लिहिताना मांडलं, की ते निव्वळ कचरा नसतात. पुढे थोडा वेळ लागणार आहे, अशी सूचना बोलणारा त्यांतून देत असतो. ऐकणाऱ्याला हे न सांगताही समजतं. म्हणून ‘अं’ तेवढा गाळला आणि मागची अडीच सेकंदं तशीच ठेवली, तर सूचना न देता आलेली शांतता उरते. श्रोत्याला वाटतं रेकॉर्डिंग अडकलं, आणि तो फोनकडे बघतो. काढायचं तर दोन्ही, ठेवायचं तर दोन्ही.

आता शब्दांकडे. मराठीत भरतीचे शब्द आणि कामाचे शब्द बहुतेक एकच असतात, त्यामुळे यादी करून ते गाळता येत नाहीत. ‘हा जो कुंडी भंडारा आहे, म्हणजे, तो’ यातल्या ‘म्हणजे’ला काही काम नाही. तो निघाला तरी ‘हा जो… तो’ ही जोडी उलट घट्ट होते. पण याच भाषणात पुढे ‘कुंडी, म्हणजे भुयारावरचा झरोका’ असं आलं, तर तिथला ‘म्हणजे’ अर्थ उलगडतो आहे आणि तो राहायला हवा. ‘आणि’चंही तसंच. गुरुजी ‘आणि ना, आणि’ म्हणतात, त्यातला पहिला ‘आणि ना’ काढायचा. दुसरा ‘आणि’ पुढच्या ‘हे पाणी’ला जुळून आला आहे, एकाच दमात उच्चारलेला आहे. पुनरुक्तीत शक्यतो शेवटचा उच्चार ठेवावा, कारण तो गाडी रुळावर आल्यानंतरचा असतो.

दोन्ही ‘आणि’ काढावेत का, हे आधीचं वाक्य ठरवतं. ‘बांधला’ म्हणताना आवाज खाली उतरला असेल, तर ‘आणि’शिवायही चालेल. तो वरच राहिला असेल, तर वक्त्याच्या मनात वाक्य संपलेलंच नव्हतं. तिथे ‘आणि’ कापला, तर आधीचं वाक्य अधांतरी राहतं. कागदावर ते बरोबर दिसेल, पण कानाला पायरी चुकल्यासारखं वाटेल. म्हणून हे निर्णय लिखित उताऱ्यावर खुणा करून घेऊ नयेत, ऐकूनच घ्यावेत.

श्वासांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. ‘बांधला’ आणि ‘आणि’ यांच्या मधल्या १.६ सेकंदांत अखेरीस एक श्वास ऐकू येतो. तो पुढच्या वाक्याचा आहे, म्हणून कात्री श्वासाच्या आधी चालवावी आणि श्वास पुढच्या शब्दाला चिकटलेला ठेवावा. श्वास मधोमध कापला तर वक्ता दचकल्यासारखा वाटतो. दोन थांबे जोडताना दोन्हीकडचे श्वास राहिले, तर तो एकापाठोपाठ दोनदा श्वास घेतो, जे कुणीही घेत नाही. आणि श्वास सरसकट काढून टाकले, तर ऐकणाऱ्याचाच दम कोंडतो.

यंत्राची मदत याच्यानंतर. Audacity या मोफत प्रोग्रॅममध्ये `Truncate Silence` नावाची सोय आहे. ती ठरावीक पातळीखालचा आवाज शांतता धरते आणि ठरावीक काळाहून लांब शांतता छाटते. तिच्यात दोन पर्याय असतात आणि आपल्या कामासाठी खरा फरक त्यांच्यातच आहे. `Truncate Detected Silence` निवडलं आणि मर्यादा अर्ध्या सेकंदाची ठेवली, तर २.४, १.८ आणि १.६ हे तिन्ही थांबे ०.५ होतात. ‘एकही पंप नाही’ याच्या आधीची शांतता आणि कुठल्याही साध्या वाक्यानंतरची शांतता एका मापाची झाली, म्हणजे उतरंड सपाट झाली. `Compress Excess Silence` निवडून `Compress to` मध्ये ५० टक्के ठेवले, तर अर्ध्या सेकंदापर्यंतच्या शांततेला हात लागत नाही, वरची तेवढी निम्मी होते. २.४ चे १.४५ होतात, १.८ चे १.१५, १.६ चे १.०५ आणि ०.७ चे ०.६. लहान ते लहान आणि मोठे ते मोठेच राहतात.

पण शोधण्याचा थांबा आधी हाताने छाटला नाही, तर ही सोयही फसते. ‘अं… हे… आपलं’ काढल्यावर उरलेली अडीच सेकंदं यंत्र दीड सेकंद करील, आणि ती भाषणातली सगळ्यांत लांब शांतता ठरेल. पंपाच्या वाक्याआधीच्या शांततेहूनही लांब. गुरुजी ज्या ठिकाणी अडले होते ते ठिकाण ठळक होईल, आणि ज्या ठिकाणी त्यांनी श्रोत्यांना थांबवलं होतं ते मागे पडेल. यंत्राला फक्त लांबी मोजता येते.

पातळी ठरवण्यातही एक खोच आहे. प्रोग्रॅम उघडल्यावर `Threshold` मध्ये सहसा −२० डेसिबलचा आकडा असतो. इतक्या वरच्या पातळीला मराठीतले मऊ शेवट, ‘आहे’मधला ‘हे’, ‘पाणी’ची शेवटची ‘णी’, शांतता म्हणून गणले जाऊन खाल्ले जातात. उलट आकडा फार खाली ठेवला, तर मागाच्या आवाजामुळे यंत्राला शांतता सापडतच नाही. म्हणून आधी वक्ता गप्प असलेला एखादा तुकडा वाजवून मीटरवर त्याची पातळी पाहावी. मागाचा आवाज −४२ च्या आसपास दिसला, तर मर्यादा −३६ ठेवून पाहावी. काळाची मर्यादा मात्र ०.३ सेकंदांच्या खाली नेऊ नये. क, ट, प यांसारख्या व्यंजनांच्या आधी तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं आणि तिथे खरोखरची शांतता असते. ‘पक्का’, ‘घट्ट’ अशा जोडाक्षरांत ती आणखी लांबते. मर्यादा फार कमी केली तर यंत्र हे बंद क्षणही छाटतं, आणि ‘पक्का’चा ‘पका’ होतो.

आता शेजारच्या मागाकडे वळू. वक्त्याच्या आवाजातला कट कितीही सफाईदार असला, तरी मागचा आवाज चुगली करतो. एकच माग जवळ असेल, तर त्याचा ठोका स्पष्ट मोजता येतो. मिनिटाला १२० ठोके असतील, तर दर अर्ध्या सेकंदाला एक. या पार्श्वभूमीवर मधली १.३ सेकंदं कापली, तर माग अडखळतो. श्रोत्याचं मागाकडे लक्ष नव्हतं, पण ठोका चुकला की त्याचं लक्ष तिथेच जातं. यावर उपाय असा, की कापायचा काळ शक्यतो ठोक्यांच्या पूर्ण पटीत घ्यायचा. आपल्या तुकड्यात १.९ सेकंदांचा थांबा, साधारण दीड सेकंदाचे ‘अं… हे… आपलं’ आणि ०.६ चा थांबा मिळून चार सेकंदं होतात. त्यातली साडेतीन, म्हणजे बरोबर सात ठोके काढले, तर अर्ध्या सेकंदाचा थांबा उरतो आणि माग चालूच राहतो. ठोक्याचं माप नीट मिळवायचं तर दहा ठोक्यांचा काळ मोजून त्याला दहाने भागावं. एका ठोक्यावर मोजलेलं माप जरा जरी चुकलं, तरी सात ठोक्यांत ती चूक सातपट होते. आजूबाजूला बरेच माग एकदम चालू असतील, तर काम उलट सोपं होतं. त्यांचे ठोके एकमेकांत मिसळून सलग घरघर बनते आणि तिच्यात सांधा लपतो.

सांधा लपवण्याची ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. रेडिओवर भाषणं चुंबकीय फितीवर मुद्रित होत, तेव्हा संकलक फीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडत. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फीत चालत असेल, तर एक सेकंदाची शांतता म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर फीत. ती बोटांत धरून मोजता येई. कट सरळ न घेता ४५ अंशांत तिरका घेत, त्यामुळे पाव इंच रुंदीच्या फितीवर एक आवाज मावळत असतानाच दुसरा उगवत असे. या संक्रमणाला साधारण ३० मिलिसेकंद लागत. आज आपण सांध्यावर जो छोटा क्रॉसफेड देतो, तो हाच तिरका काप. शब्दांच्या मधल्या कोरड्या सांध्याला १० मिलिसेकंद पुरतात. मागाची घरघर असेल, तर ३० ते ५० लागतात.

खोलीत घुमणारा आवाजही विसरू नये. दगडी भिंतींच्या दालनात रेकॉर्डिंग केलं असेल, तर ‘अं’ संपल्यावरही त्याचा घुमार मागे रेंगाळतो. अक्षर कापलं आणि घुमार राहिला, तर न उच्चारलेल्या शब्दाचा पडसाद ऐकू येतो. अशा जागी घुमार पूर्ण विरल्यावरच कट घ्यावा. आणि आधीच्या शब्दाच्या घुमाराला पूर्ण विरायला जागा ठेवावी.

हे सगळं केल्यावर आपला तुकडा असा उरतो:

«हा जो कुंडी भंडारा आहे, (०.२५) तो सोळाशे पंधरा साली (०.५) अब्दुल रहीम खानखाना, (०.४) त्यांच्या काळात बांधला. (१.०) आणि हे पाणी वरून, सातपुड्यातून येतं, जमिनीच्या पोटातून. (१.६) एकही पंप नाही. (१.३) फक्त उतार.»

पहिल्या रूपात थांब्यांची बेरीज १०.७ सेकंद होती, आता ती पाचच्या आसपास आहे. तरी पंपाच्या वाक्याआधीचा थांबा सगळ्यांत मोठाच आहे. यंत्राने त्याला १.४५ सेकंद दिले असते, आपण हाताने १.६ ठेवले. ‘साली’ नंतर अर्धा सेकंद ठेवण्याला दोन कारणं आहेत. पुढे मोठं नाव येतं, ते पकडायला श्रोत्यालाही वेळ लागतो. शिवाय ‘साली’चा ताणलेला स्वर तसाच राहिला आहे, आणि ताणलेल्या स्वराच्या पाठीवर लगेच पुढचा शब्द आला, तर वक्त्याने स्वतःलाच तोडल्यासारखं वाटतं. तो स्वर मधोमध थोडा आखडता घेता येतो, पण कापण्याच्या दोन्ही टोकांना लहरीचा आकार जुळला नाही, तर आवाज खरखरतो. अर्धा सेकंद सोडणं त्याहून सोपं.

प्रत्येक कट पक्का करण्याआधी कापायचा भाग निवडून `C` कळ दाबावी. Audacity तो भाग वगळून मागचं-पुढचं वाजवून दाखवतं. पण ही तपासणी दोन-तीन सेकंदांपुरतीच असते, आणि लय एवढ्या छोट्या अंतरात कळत नाही. म्हणून थोडं काम झालं की मागे जाऊन मिनिटभराचा भाग सलग ऐकावा, तोही पडद्याकडे न बघता. लहरींचं चित्र समोर असलं, की डोळा सांधा दाखवतो आणि कान तो ऐकल्याचा भास करून घेतो. ऐकताना वक्त्याबरोबर श्वास घेऊन पाहावा. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आपलाच दम लागला, तर थांबे फार कमी झाले आहेत. लक्ष मध्येच भरकटलं, तर ते कुठे भरकटलं तिथे खूण करावी. बहुतेक वेळा तिथे सगळे थांबे एका मापाचे झालेले सापडतात.

काही ‘अं’ निघत नाहीत. ‘आणिअं’ असं एका स्वरात जोडून आलेलं तोडलं, तर ‘आणि’चा शेवट घशात अडकल्यासारखा येतो. ते राहू द्यावं. भाषणात अधूनमधून एखादा ‘अं’ राहिला, तर कुणाचं बिघडत नाही.

आणि काही ‘अं’ काढू नयेत, निघत असले तरी. गुरुजी पुढे कुंड्यांच्या संख्येकडे येतात आणि म्हणतात, «कुंड्या एकशे… अं… (१.२) तीन, काही जण आठ सांगतात.» हा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सापडतो. गुरुजींना ते माहीत आहे आणि ते चाचपून बोलत आहेत. इथला ‘अं’ आणि सव्वा सेकंदाची शांतता काढली, तर ‘एकशे तीन’ ठाम ऐकू येतं, आणि ‘काही जण आठ सांगतात’ ही कुणा दुसऱ्याची चूक वाटू लागते. वक्त्याने जितक्या खात्रीने सांगितलं, त्याहून जास्त खात्री संकलकाने त्याच्या तोंडी घातली. स्थानिक इतिहासावरची अशी भाषणं पुढे पुरावा म्हणून ऐकली जातात. त्यामुळे सन, आकडे, नावं आणि नाती यांच्या आधीचा प्रत्येक ‘अं’ कापण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: वक्ता शब्द शोधत होता की खात्री? शब्द शोधत असेल तर कापा. खात्री शोधत असेल, तर ती शंका त्याच्या म्हणण्याचाच भाग आहे, आणि थांब्याच्या पूर्ण लांबीसह ती श्रोत्यापर्यंत पोहोचायला हवी. मूळ फाइल तर कधीच पुसू नये. दहा वर्षांनी कुणी कुंड्यांची संख्या तपासायला आलं, तर त्याच्या कामाचं रेकॉर्डिंग ते मूळचंच.